स्टँडर्ड एरर, सेंट्रल लिमिट थिअरम आणि नॉर्मल डिस्ट्रिब्युशन : फर्स्ट इयरच्या मुलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची जवळपास सगळी उदाहरणं फाशांची आहेत. फाशाचं बरं असतं, खरं उत्तर आधीच माहीत असतं, त्यामुळे सॅम्पल आपल्याला कितपत चकवतंय ते डोळ्यांनी बघता येतं. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा आणि आकडे स्वतः करून बघा.

एसडी आणि स्टँडर्ड एरर, दोन्ही "पसारा"च मोजतात ना? मग फरक काय?

पसारा मोजतात हे बरोबर, पण कशाचा पसारा ते वेगळं आहे, आणि सगळा गोंधळ इथेच होतो.

एक साधा फासा घ्या. १ ते ६, सगळे सारख्याच शक्यतेचे. सरासरी ३.५, आणि एसडी काढली तर १.७१ येते. ही एसडी सांगते की एकेक फेक ३.५ पासून साधारण किती लांब पडते. आता तोच फासा २५ वेळा टाका आणि त्या २५ आकड्यांची सरासरी काढा. समजा ३.२८ आली. शेजारच्या बाकावरच्या मुलीने तेच केलं, तिची आली ३.७२. अख्ख्या वर्गाने केलं तर सरासऱ्यांची एक यादी तयार होईल, आणि त्या यादीतले आकडे १ ते ६ असे पसरलेले नसतील, ३.५ च्या आजूबाजूलाच घुटमळत असतील. या सरासऱ्यांच्या यादीची एसडी म्हणजे स्टँडर्ड एरर. सूत्र σ/√n, म्हणजे इथे १.७१ भागिले ५, म्हणजे ०.३४.

म्हणून एसडी ही फाशाची गोष्ट आहे आणि स्टँडर्ड एरर ही तुमच्या सरासरीची. फासा २५ ऐवजी २५०० वेळा टाकला म्हणून फासा काही बदलत नाही, एसडी १.७१ च्या जवळच राहणार, पण सरासरीचा स्टँडर्ड एरर ०.३४ वरून ०.०३४ वर येतो. "सॅम्पल वाढवलं की एसडी कमी होते" असं पेपरात लिहिलेलं दिसतं, ते चूक आहे. कमी होतो तो स्टँडर्ड एरर.

पण मी तर एकदाच सॅम्पल घेतो. ती सरासऱ्यांची यादी माझ्याकडे नसतेच, मग तिची एसडी मला कशी कळणार?

हा खरा प्रश्न आहे, आणि बरेच जण तो न विचारताच सूत्र पाठ करतात. यादी खरंच नसते. ती "हेच सॅम्पलिंग पुन्हा पुन्हा केलं असतं तर" अशी मनातली यादी आहे. गंमत अशी की एकाच सॅम्पलमधून त्या न पाहिलेल्या यादीचा पसारा काढता येतो, कारण त्यासाठी फक्त दोन गोष्टी लागतात: एकेक निरीक्षण किती विखुरलेलं आहे, आणि अशी किती निरीक्षणं आपण एकत्र केली. दुसरी गोष्ट म्हणजे n, ती तर आपल्याला माहीतच असते. पहिली गोष्ट म्हणजे σ, ती माहीत नसली तर सॅम्पलमधूनच तिचा अंदाज करायचा, त्याला s म्हणतात, आणि मग स्टँडर्ड एरर झाला s/√n. २५ फेकांची s जर १.६२ आली तर स्टँडर्ड एरर ०.३२४. खरा ०.३४ होता, आपण बऱ्यापैकी जवळ आहोत. s काढताना n−१ ने भागायचं हे विसरू नका.

√n च का? सरळ n ने का भागत नाही?

कारण बेरीज होते ती व्हेरियन्सची, एसडीची नाही. एका फाशाचा व्हेरियन्स ३५/१२, म्हणजे २.९२. एकमेकांशी संबंध नसलेल्या २५ फेकांची बेरीज केली तर बेरजेचा व्हेरियन्स २५ पट, ७२.९. आता सरासरी काढायला बेरजेला २५ ने भागलं, आणि एखाद्या गोष्टीला २५ ने भागलं की तिचा व्हेरियन्स २५ च्या वर्गाने, म्हणजे ६२५ ने भागला जातो. ७२.९ भागिले ६२५ म्हणजे ०.११७. वर्गमूळ घेतलं की ०.३४. वर एकदा २५ ने गुणलं, खाली २५ च्या वर्गाने भागलं, उरला एक २५, आणि वर्गमूळात तो √२५ झाला. एवढंच आहे.

याचा परिणाम मात्र खिशाला जाणवतो. एरर निम्मा करायचा तर सॅम्पल चौपट लागतं, दहाव्या हिश्शावर आणायचा तर शंभर पट. आणि "एकमेकांशी संबंध नसलेल्या" ही अट नीट लक्षात ठेवा. समजा मी २५ फेका टाकल्या आणि प्रत्येक फेक वहीत दोनदा लिहिली. आता वहीत n = ५०, सूत्रात घातलं की स्टँडर्ड एरर ०.३४ वरून ०.२४ वर उतरेल, पण माहिती नव्याने एका पैशाची आलेली नाही. इतकं उघडपणे कोणी करत नाही, पण एकाच घरातल्या पाच जणांना तोच प्रश्न विचारणं, एकाच झाडाची दहा पानं मोजणं, हे त्याच जातीचं आहे, फक्त थोडं सौम्य. सूत्राला ते कळत नाही, आपल्यालाच कळायला हवं.

नॉर्मल डिस्ट्रिब्युशन म्हणजे ती घंटेसारखी कर्व्ह, एवढंच ना?

घंटेसारख्या दिसणाऱ्या कर्व्ह आणखीही बऱ्याच आहेत. नॉर्मलची खूण म्हणजे तिचं मोजमाप ठरलेलं असतं. मधला बिंदू आणि एसडी असे दोनच आकडे दिले की अख्खी कर्व्ह ठरते, मग कुठल्याही दोन टोकांच्या मध्ये किती भाग पडतो ते काढता येतं. सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक एसडी घेतली तर ६८ टक्के, दोन घेतल्या तर ९५ टक्क्यांच्या किंचित वर, तीन घेतल्या तर ९९.७ टक्के. नेमके ९५ टक्के हवे असतील तर १.९६ एसडी, पेपरात दिसणारा १.९६ तो हाच. आणि शक्यता म्हणजे कर्व्हखालचं क्षेत्रफळ, कर्व्हची उंची नव्हे.

ही कर्व्ह पहिल्यांदा कामाला आली ती नाणेफेकीच्या हिशोबात. १७३३ मध्ये अब्राहम द म्वाव्र याने दाखवलं की खूप नाणी उडवली तर छापांच्या संख्येचा किचकट हिशोब या कर्व्हने जवळजवळ बरोबर करता येतो. आपण करून बघू. १०० वेळा नाणं उडवलं तर सरासरी ५० छाप, एसडी ५. छाप ४० ते ६० यांच्यात पडण्याची शक्यता किती? एकेक शक्यता मोजून बेरीज केली तर उत्तर ९६.५ टक्के येतं. नॉर्मल वापरून दोन एसडी घेतल्या तर ९५.४. थोडं कमी पडलं, कारण छाप पूर्णांकातच येतात आणि ४० चा खांब खरं तर ३९.५ पासून सुरू होतो, ६० चा ६०.५ ला संपतो. ही अर्ध्या घराची दुरुस्ती केली, म्हणजे २.१ एसडी घेतल्या, की उत्तर ९६.४. शंभर नाण्यांना एवढं जमतं, ते सुद्धा दोन ओळींत!

सेंट्रल लिमिट थिअरम नेमकं काय म्हणतं? सोप्या भाषेत.

मूळ डेटाचा आकार कसाही असू दे, त्यातून एकमेकांशी संबंध नसलेली n निरीक्षणं घ्या आणि सरासरी काढा. n वाढत गेला की त्या सरासरीचं डिस्ट्रिब्युशन नॉर्मलच्या जवळ जात जातं, मध्यभागी खरी सरासरी आणि पसारा σ/√n. अट एवढीच की मूळ डेटाचा व्हेरियन्स अनंत नसावा. नाण्यापुरतं हे द म्वाव्रने केलं होतं, खूप मोठ्या आवाक्यात ते १८१० मध्ये लाप्लासने मांडलं.

हे का होतं ते फाशावर दिसतं. एक फासा म्हणजे सहा सारखे खांब, घंटेचा मागमूस नाही. दोन फासे टाकले की ३६ जोड्या होतात, त्यात बेरीज २ येण्याचा एकच मार्ग (१ आणि १), पण ७ येण्याचे सहा मार्ग, म्हणून चित्र तंबूसारखं होतं, मधे टोक आणि दोन्हीकडे सरळ उतार. तीन फाशांच्या २१६ शक्यता, बेरीज ३ यायला पुन्हा एकच मार्ग आणि १० किंवा ११ यायला प्रत्येकी २७. आता उतार वाकायला लागतात आणि तीनच फाशांत चित्र घंटेसारखं दिसू लागतं. टोकाची सरासरी यायला सगळ्या फाशांनी एकाच बाजूला पडावं लागतं, तसे मार्ग फार थोडे. मधली सरासरी मात्र एक मोठा एक लहान अशा असंख्य मार्गांनी येते. म्हणजे घंटा फाशात नव्हतीच, ती बेरजेतून आली.

म्हणजे सॅम्पल मोठं घेतलं की डेटा नॉर्मल होतो?

नाही! फासा दहा लाख वेळा टाका आणि त्या दहा लाख आकड्यांचा हिस्टोग्राम काढा, सहा सारखेच खांब दिसतील, उलट आधीपेक्षा जास्तच सारखे. डेटा मोठा केला की तो स्वतःच्या मूळ आकाराच्या जवळ जातो. नॉर्मल होते ती सरासरी. "n = २०० आहे म्हणून विद्यार्थ्यांचा खर्च नॉर्मल आहे" हे वाक्य चूक, "n = २०० आहे म्हणून सरासरी खर्चाचं सॅम्पलिंग डिस्ट्रिब्युशन साधारण नॉर्मल धरता येईल" हे चालेल. दोन्हीत फक्त दोन-तीन शब्दांचा फरक दिसतो पण मार्क तिथेच जातात, आणि मार्क सोडा, पहिलं वाक्य मानून कोणी "९५ टक्के मुलांचा खर्च अमुक ते तमुक" असं काढलं तर उत्तर सपशेल चुकतं.

n = ३० झाला की बास, असं सर म्हणाले. ३० मध्ये काय जादू आहे?

काही नाही. मूळ डेटा फाशासारखा दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर पाच-दहा सुद्धा पुरतात, आणि डेटा एका बाजूला कलंडलेला असेल तर ३० अजिबात पुरत नाही.

एक टोकाचं उदाहरण करून बघू. एखादी गोष्ट शंभरात एकदा होते, झाली तर १ लिहायचं, नाही तर ०. तीस निरीक्षणं घेतली. सगळीच्या सगळी शून्य येण्याची शक्यता ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे ०.७४. चारपैकी जवळपास तीन सॅम्पलांत सरासरी नेमकी शून्य! याला नॉर्मल कोण म्हणेल, सगळा ढीग डाव्या टोकाला साचलाय. त्याहून वाईट म्हणजे अशा सॅम्पलमध्ये s सुद्धा शून्य, म्हणून स्टँडर्ड एरर शून्य, म्हणजे सूत्र छातीठोकपणे सांगतं की उत्तर शून्य आणि चुकीला वावच नाही. खरं उत्तर ०.०१ आहे. अशा ठिकाणी "झाले" आणि "नाही झाले" दोन्ही किमान दहा-दहा तरी हवेत, असा ढोबळ नियम आहे, म्हणजे इथे हजारेक निरीक्षणं लागतील.

आपला डेटा कलंडलेला आहे हे ओळखायची एक झटपट खूण: जी गोष्ट ऋण असूच शकत नाही (वेळ, रुपये, संख्या) तिची एसडी सरासरीपेक्षा मोठी निघाली तर सावध व्हा. आणि सरासरीतून दोन स्टँडर्ड एरर वजा केल्यावर उत्तर शून्याच्या खाली गेलं तर हे सॅम्पल नॉर्मलच्या भरवशावर सोडायचं नाही. हिस्टोग्राम तर काढाच, त्याला दोन मिनिटं लागतात.

हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर?

पायथॉन असेल तर चार-पाच ओळींचं काम आहे. २५ फेकांचं सॅम्पल दहा हजार वेळा घ्यायचं, म्हणजे वर म्हटलेली ती मनातली यादी खरोखर तयार होते:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng()
phase = rng.integers(1, 7, size=(10000, 25))
sarasari = phase.mean(axis=1)
print(sarasari.mean(), sarasari.std())
```

पहिला आकडा ३.५ च्या जवळ येईल, दुसरा ०.३४ च्या जवळ. मग `25` च्या जागी `100` घाला, दुसरा आकडा ०.१७ होईल. पुढे `sarasari` चा हिस्टोग्राम काढा आणि `phase.ravel()` चाही काढा, शेजारी शेजारी ठेवा. मागच्या दोन प्रश्नांची उत्तरं त्या दोन चित्रांत आहेत.

पुस्तकातली उदाहरणं बनावट वाटतात. एखादं खरं उदाहरण आहे का, पूर्ण आकड्यांसकट?

आहे, आणि मला ते फार आवडतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांनी बारा फासे एकत्र टाकायचे, आणि त्यातले किती फासे ५ किंवा ६ दाखवतात ते मोजायचं, असं २६,३०६ वेळा केलेलं मोजमाप जमवलं. १८९४ मध्ये ते आकडे त्यांनी गाल्टनना पत्रातून कळवले, आणि १९०० मध्ये कार्ल पिअरसननी तेच आकडे त्यांच्या काय-स्क्वेअरच्या प्रसिद्ध पेपरात वापरले.

फासे खरे असतील तर ५ किंवा ६ येण्याची शक्यता एक तृतीयांश, म्हणून बारा फाशांत सरासरी ४ यायला हव्यात. एका वेळच्या मोजणीची एसडी म्हणजे १२ × १/३ × २/३ चं वर्गमूळ, १.६३३. म्हणजे एकाच फेकीत ३ आले, ५ आले, ६ आले, कशाचंच नवल नाही.

आता वेल्डनचे आकडे. एकूण ५ किंवा ६ आले १,०६,६०२ वेळा, त्याला २६,३०६ ने भागलं की सरासरी ४.०५२४. चार हवे होते, ४.०५ आले. हे ऐकून कोणीही म्हणेल की एवढं तर चालायचंच. पण "एवढं" म्हणजे केवढं ते ठरवायलाच तर स्टँडर्ड एरर आहे. १.६३३ भागिले √२६,३०६, म्हणजे १.६३३ भागिले १६२.२, म्हणजे ०.०१०१. आणि फरक आहे ०.०५२४. म्हणजे सरासरी आपल्या जागेपासून ५.२ स्टँडर्ड एरर लांब आहे.

सेंट्रल लिमिट थिअरम इथे कामाला येतं. २६ हजार फेकांच्या सरासरीला नॉर्मल मानायला काहीच हरकत नाही, आणि नॉर्मलमध्ये पाच एसडीच्या पलीकडे जाणं म्हणजे दोन्ही बाजू धरूनही दहा लाखांत एकदासुद्धा नाही. योगायोग म्हणून हे सोडून देता येत नाही. ९५ टक्क्यांचा इंटरव्हल, म्हणजे सरासरीच्या दोन्ही बाजूंना १.९६ स्टँडर्ड एरर, काढला तर ४.०३ ते ४.०७, त्यात ४ बसतच नाही.

तपशिलात गेलं तर ते आणखी स्पष्ट होतं. खऱ्या फाशांत नेमके चार यश ६,२७३ वेळा यायला हवे होते, आले ६,११४ वेळा. पाच यश ५,०१८ वेळा अपेक्षित, आले ५,१९४ वेळा. शून्यापासून चारपर्यंतचा प्रत्येक खांब थोडा कमी भरलाय आणि पाचपासून वरचे जवळपास सगळे थोडे जास्त, म्हणजे अख्खं डिस्ट्रिब्युशनच केसभर उजवीकडे सरकलंय.

फासे खोटे होते म्हणजे? कोणी लबाडी केली?

तसं नाही. नेहमी दिलं जाणारं कारण असं की ठिपके कोरून काढलेले असतात, सहाच्या बाजूला सहा खड्डे आणि तिच्या बरोबर समोरच्या एकच्या बाजूला एकच, त्यामुळे ५ आणि ६ च्या बाजू किंचित हलक्या होतात आणि वर येण्याकडे थोड्या जास्त कलतात. पुढे २००९ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या झकारिया लॅबी यांनी यंत्र बनवून, कॅमेऱ्याने ठिपके मोजत, हाच प्रयोग तितक्याच वेळा पुन्हा केला. त्यांच्या फाशांत ५-६ चा कल सापडला नाही, पण प्रत्येक बाजू वेगळी मोजल्यामुळे १ आणि ६ जरा जास्त येतात हे दिसलं, आणि फासे मोजल्यावर कळलं की १ ते ६ या दिशेने ते थोडे चपटे होते.

यात शिकण्यासारखं आणखी एक आहे. वेल्डनच्या फाशांत ५ किंवा ६ ची शक्यता ०.३३३३ ऐवजी ०.३३७७ होती, म्हणजे हजारात चार-साडेचारचा फरक. घरी खेळायला बसलात तर आयुष्यभर पत्ता लागणार नाही. समजा वेल्डन १०० फेकांवर थांबले असते, तर स्टँडर्ड एरर ०.१६ असता आणि ०.०५ चा फरक त्यात बुडून गेला असता. २,५०० वर थांबले असते तर फरक १.६ स्टँडर्ड एरर, अजूनही "सांगता येत नाही". १०,००० ला ३.२, आता संशय पक्का. फासे तेच, कल तोच, फक्त मोजमाप बारीक होत गेलं. म्हणून "फरक सिग्निफिकंट आला" याचा अर्थ फरक मोठा आहे असा नाही, तो शून्य नाही एवढंच. आणि "सिग्निफिकंट नाही" याचा अर्थ फरकच नाही असा तर मुळीच नाही.

मग हे टी-डिस्ट्रिब्युशन मधेच कुठून येतं?

लहान सॅम्पलमधून. σ माहीत नसताना आपण s वापरतो, पण s सुद्धा सॅम्पलप्रमाणे बदलते, आणि पाचच आकडे असतील तर ती बऱ्याचदा खऱ्या σ पेक्षा बरीच लहान निघते. तेव्हा इंटरव्हल उगाच अरुंद होतो. पाच निरीक्षणं घेऊन १.९६ ने गुणलं तर जो इंटरव्हल आपण ९५ टक्क्यांचा म्हणून मिरवतो तो प्रत्यक्षात ८८ टक्के वेळाच खऱ्या सरासरीला पकडतो. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या गॉसेट यांना अशाच मोजक्या आकड्यांवर काम करावं लागायचं, त्यांनी १९०८ मध्ये "स्टुडंट" या टोपणनावाने यावर उपाय काढला. पाच निरीक्षणांना १.९६ च्या जागी २.७८ घ्यायचं, दहाला २.२६, तिसाला २.०५. तिसाच्या पुढे फरक नगण्य होत जातो, आणि "३०" चा नियम इतका पसरला त्यामागे हेही एक कारण आहे. मात्र टी वापरला तरी मूळ डेटा साधारण नॉर्मल असावा लागतो, कलंडलेल्या डेटाच्या पाच आकड्यांना टी पण वाचवू शकत नाही.

स्टँडर्ड एरर छोटा आला म्हणजे उत्तर बरोबर, असं म्हणायचं का?

नाही, आणि यावर जरा थांबा कारण प्रोजेक्टमध्ये हीच चूक सगळ्यात महाग पडते. स्टँडर्ड एरर फक्त नशिबाने होणारी हालचाल मोजतो. सॅम्पल मुळातच चुकीच्या लोकांचं असेल तर ते त्याला दिसतच नाही.

१९३६ ची अमेरिकेतली अध्यक्षपदाची निवडणूक घ्या. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, तेवीस-चोवीस लाख भरून परत आल्या. त्यावरून त्यांनी सांगितलं की लँडन यांना ५७ टक्के मिळतील आणि रूझवेल्ट हरतील. आता सूत्र चालवा: ०.५ भागिले √२४ लाख, म्हणजे ०.०००३, टक्क्याचा तिसावा हिस्सा. कागदावर याहून अचूक काय असणार! प्रत्यक्षात रूझवेल्टना सुमारे ६१ टक्के मतं पडली. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांमधून वगैरे, मंदीच्या काळात फोन आणि मोटार असलेले लोक म्हणजे बहुतेक बऱ्या परिस्थितीतले, आणि त्यातही पत्रिका परत पाठवायची तसदी घेणारे वेगळ्या मनाचे. आणखी वीस लाख पत्रिका आल्या असत्या तरी स्टँडर्ड एरर आणखी घटला असता आणि उत्तर तिथेच, तितकंच चुकीचं राहिलं असतं.

म्हणून तुमच्या गूगल फॉर्मला ८०० रिस्पॉन्स आले तर आधी √८०० काढू नका. आधी विचारा की फॉर्म कोणत्या ग्रुपवर गेला होता आणि भरला कोणी.

महाराष्ट्राचा सर्व्हे करायचा तर तालुक्याच्या सर्व्हेपेक्षा खूप मोठं सॅम्पल लागेल ना?

सूत्रात बघा, σ आहे, n आहे, लोकसंख्या कुठेच नाही. होय-नाही प्रश्नाला १,००० जण नीट चिठ्ठ्या टाकून निवडले तर स्टँडर्ड एरर जास्तीत जास्त १.६ टक्के, मग ते एक लाखातून निवडलेले असोत की बारा कोटींतून. लोकसंख्या छोटी असेल तर एक दुरुस्ती असते, √(१ − n/N), पण एक लाखातून हजार घेतले तर ती ०.९९५ येते, म्हणजे न केल्यासारखीच. गावात दोन हजार लोक आणि त्यातले हजार विचारलेत तर मात्र ती ०.७१ होते, तिथे नक्की करा. राज्याचं सॅम्पल मोठं घेतात ते वेगळ्या कारणाने: प्रत्येक जिल्ह्याचं उत्तर वेगळं हवं असतं, आणि मग प्रत्येक जिल्ह्याला आपापला n लागतो.

सेंट्रल लिमिट थिअरम कधी चालतच नाही असं होतं का?

होतं. कोशी नावाचं डिस्ट्रिब्युशन आहे, शून्य सरासरीच्या दोन स्वतंत्र नॉर्मल आकड्यांचा भागाकार केला की ते मिळतं. त्याला व्हेरियन्स सोडा, सरासरीच नाही. त्यातून हजार आकडे घेऊन सरासरी काढली तर तिचा पसारा एका आकड्याच्या पसाऱ्याइतकाच राहतो, कारण मधूनच छेद शून्याजवळ येतो आणि एखादा राक्षसी आकडा येऊन सगळी सरासरी ओढून नेतो. वरच्या कोडमध्ये तिसरी ओळ `phase = rng.standard_cauchy(size=(10000, 25))` अशी करा, दोन-तीनदा चालवा, दरवेळी दुसरा आकडा भलताच येईल. नंतर `25` वाढवून बघा, तो स्थिरावत नाही.

ग्राफवर एरर बार काढताना एसडी लावू की स्टँडर्ड एरर?

तुम्हाला काय दाखवायचंय त्यावर आहे. रोपांची उंची एकमेकांपेक्षा किती वेगवेगळी आहे ते दाखवायचं असेल तर एसडी. सरासरी उंची आपल्याला किती नेमकी कळली आहे ते दाखवायचं असेल तर स्टँडर्ड एरर, किंवा सरळ ९५ टक्क्यांचा इंटरव्हल. स्टँडर्ड एररचे बार छोटे आणि देखणे दिसतात म्हणून ते लावायचे, हे कारण होऊ शकत नाही. आणि जे काही लावाल ते ग्राफखाली लिहा, n किती तेही लिहा, कारण २५ च्या सॅम्पलला दोन्हींत पाच पटींचा फरक असतो आणि नुसती "±" बघून वाचणाऱ्याला ते कळायला काही मार्ग नाही. n लिहिलेला असला की एकावरून दुसरं तो स्वतः काढू शकतो.